मदत हवी आहे: एफडीवर नॉमिनी दीर, मग पैसे कोणाचे?

धाकटापाटी

नमस्कार मंडळी. माझे भावोजी गेल्या महिन्यात अचानक गेले. मृत्युपत्र केलेलं नाही. मागे ताई, नऊ वर्षांची भाची, ताईच्या सासूबाई आणि सासरे आहेत. सगळे हिंदू कायद्याखाली येतात.

भावोजींच्या एकट्याच्या नावावर एका बँकेत 18 लाखांची एफडी आहे. ती 2012 साली, लग्नाच्या आधी काढलेली, आणि मुदत संपली की आपोआप पुढे चालू राहणारी. नॉमिनी म्हणून त्यांनी तेव्हा धाकट्या भावाचं, म्हणजे ताईच्या दिराचं नाव दिलं होतं. लग्न 2014 मध्ये झालं, पण नाव तसंच राहिलं.

ताई बँकेत गेली तर काउंटरवर ऐकवलं, "नॉमिनी ते आहेत, आम्ही त्यांनाच पैसे देणार." दीर म्हणतात, दादाने विचार करूनच माझं नाव दिलं होतं, तेव्हा पैसे माझे. सासरे गप्प आहेत आणि सासूबाई धाकट्याच्या बाजूने झुकलेल्या दिसतात. बँक म्हणते ते खरं असेल तर ताईला यातलं काहीच मिळणार नाही का? आणि आत्ता नेमकं काय करायचं?

केतकी_प

वाईट वाटलं वाचून. पण घाबरू नका, लग्न झालं की लग्नाआधीचं नॉमिनेशन आपोआप रद्द होतं. माझ्या मिस्टरांच्या ऑफिसात एचआरने स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे तुमच्या ताईच्या दिराचं नाव आता बादच आहे. बँकेला तेवढं लिहून द्या.

जुनाकॅशियर

केतकीताई, तुमच्या एचआरने सांगितलं ते पीएफबद्दल. पीएफच्या योजनेत कुटुंब झालं की आधीचं नॉमिनेशन निकामी होतं आणि नवीन भरावं लागतं. बँकेच्या ठेवीला असा नियम नाही. ठेवीदार स्वतः बदलत नाही तोवर जुनंच नाव चालतं, एफडी कितीही वेळा पुढे चालू राहिली तरी. त्यामुळे लग्नाचा दाखला दाखवून बँक ऐकणार नाही.

आता मूळ प्रश्न. मी निवृत्तीआधी मयत खात्यांचे क्लेम बरीच वर्षं हाताळले आहेत. काउंटरवाल्याने सांगितलं ते खरं आहे, पण अर्धंच. बँक दिराला पैसे देईल आणि त्यात बँकेचं काही चुकणार नाही. बँकिंग नियमन कायद्याचं कलम 45 झेडए सांगतं की नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की ज्याला पैसे दिले त्याच्यावर इतर कोणाचा हक्क किंवा दावा असेल तर त्याला यामुळे बाधा येत नाही. बँकेची सुटका आणि घरातली मालकी, या दोन गोष्टी कायद्याने मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. नाही तर प्रत्येक शाखेत आधी भावकीचा खटला चालवावा लागला असता आणि पैसे वर्षानुवर्षं अडकले असते. आपण घरी नसताना शेजाऱ्याने सही करून पार्सल घेतलं, तर कुरिअरवाल्याचं काम झालं, पण पार्सल शेजाऱ्याचं झालं नाही. तसंच हे.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये रामचंदर तलवार विरुद्ध देवेंदर कुमार तलवार या निकालात हेच म्हटलं आहे. नॉमिनी फक्त पैसे उचलण्यापुरता ठेवीदाराच्या जागी येतो. रक्कम मयताच्या मालमत्तेतच राहते आणि वारसा कायद्याप्रमाणे वाटली जाते. नॉमिनी हे पैसे वारसांचा विश्वस्त म्हणून घेत असल्याची त्याला स्पष्ट कल्पना द्यावी, असं रिझर्व्ह बँकेच्या 2005 च्या परिपत्रकातही होतं. किती शाखांत ही कल्पना दिली जाते, ते विचारू नका.

मध्यममार्गी

म्हणजे 18 लाखांचे चार भाग. ताई, भाची, सासूबाई, सासरे. प्रत्येकी साडेचार लाख. बरोबर ना?

वकील_अनघा

नाही, सासरे यात येत नाहीत. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर 1956 च्या वारसा कायद्याने पहिल्या वर्गातले वारस एकत्र आणि समान घेतात. बायको, मुलं आणि आई त्या वर्गात आहेत. वडील दुसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गातलं एक जरी माणूस असेल तरी दुसऱ्या वर्गापर्यंत गोष्ट जात नाही. बऱ्याच घरांत हे ऐकून धक्का बसतो, पण कायदा असा आहे. भाऊही दुसऱ्याच वर्गातला, म्हणजे दिराचा वारस म्हणून यात शून्य हिस्सा.

तेव्हा ताईचे सहा लाख, भाचीचे सहा लाख, सासूबाईंचे सहा लाख. सासूबाईंना आपले सहा लाख धाकट्या मुलाला द्यायचे असतील तर त्यांची मर्जी. उरलेल्या बारा लाखांवर त्यांची किंवा दिराची मर्जी चालत नाही.

एक अपवाद तपासून घ्या. भावोजींनी कुठे मृत्युपत्र केलं असेल आणि त्यात ही एफडी भावाला दिली असेल, तर दीर खरा मालक ठरू शकतो. पण मग तो नॉमिनी म्हणून नव्हे, मृत्युपत्राने मालक होईल. बँकेचा नॉमिनेशनचा फॉर्म मृत्युपत्राची जागा घेत नाही.

जोशीबुवा७२

आमच्याकडे उलटं झालं. वडिलांची एफडी माझ्या आणि त्यांच्या नावावर होती, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशी. बँकेने मला दोन दिवसांत पैसे दिले, नॉमिनीची गरजच पडली नाही. बहिणींनी एक शब्द काढला नाही. तेव्हा संयुक्त खातं केलं की पैसा आपला, हा साधा उपाय. तुमच्या भावोजींनी तसं करायला हवं होतं.

जुनाकॅशियर

जोशीबुवा, बहिणींनी शब्द काढला नाही म्हणून निभावलं. हयात खातेदाराला पैसे मिळतात ती व्यवस्थाही मुख्यतः बँकेची जबाबदारी संपवण्यासाठीच आहे. ठेवीतले पैसे सगळे वडिलांचे असतील तर बहिणी हिस्सा मागू शकल्या असत्या. पण धागाकर्त्याच्या प्रकरणात एफडी एकट्याच्या नावाची आहे, त्यामुळे तो फाटा इथे नको.

पोपटराव

हे सगळं आता जुनं झालं. 1 नोव्हेंबर 2025 पासून नवीन कायदा आलाय. चार नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाची टक्केवारी लिहिता येते. टक्केवारी लिहिली म्हणजे मालकीच झाली की. दिराच्या नावापुढे शंभर टक्के असेल तर विषय संपला.

वकील_अनघा

चार नॉमिनी आणि टक्केवारी हे खरं आहे. मालकी मात्र त्याने बदलत नाही. बँकेने कोणाच्या हातात किती द्यायचे, हे टक्केवारीवरून ठरतं. हातात आलेले पैसे शेवटी कोणाचे, हा प्रश्न वारसा कायद्याकडेच राहतो. आयुर्विम्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना खरा लाभार्थी मानलं जातं. तिथलं ऐकून लोक बँकेलाही तेच लावतात. आणि विम्याच्या त्या यादीतसुद्धा भाऊ नाही!

धाकटापाटी, आता कामाचं. दिराने क्लेम दिला आहे का? कागदपत्रं पूर्ण असतील तर बँकेने पंधरा दिवसांत पैसे द्यायचे असतात, म्हणून वेळ फार महत्त्वाचा आहे.

धाकटापाटी

खूप आभार. ताईने काल विचारलं तेव्हा दिराने "कागदपत्रं दिली आहेत" एवढंच सांगितलं. पैसे मिळाले की नाही ते सांगत नाही. आम्ही शाखेला पत्र देऊन पैसे थांबवू शकतो का?

जुनाकॅशियर

पत्र जरूर द्या, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. पण त्यावर विसंबू नका. कलम 45 झेडबी प्रमाणे नॉमिनीशिवाय इतर कोणाच्या दाव्याची दखल घ्यायला बँक बांधील नाही. बँक दखल घेते ती कोर्टाच्या आदेशाची. पत्राचा उपयोग इतकाच की सावध व्यवस्थापक ते विधी विभागाकडे पाठवतो आणि तुम्हाला थोडे दिवस मिळतात. उतावळा व्यवस्थापक फाईलला लावतो आणि पैसे देऊन टाकतो, आणि कायद्याने तोही बरोबरच असतो.

वारस दाखला घेऊन शाखेत भांडणारेही पुष्कळ पाहिले. तुम्ही वारस आहात हे बँक नाकारतच नाही. नॉमिनी असताना पैसे तुमच्या हातात देणं तिला बंधनकारक नाही, एवढंच तिचं म्हणणं असतं.

वकील_अनघा

म्हणून पैसे अजून बँकेत असतील तर दिवाणी कोर्टात हिश्श्याचा दावा आणि सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज, हा रस्ता आहे. दाव्यात दीर आणि बँक दोघांनाही पक्षकार करा, भाचीच्या वतीने ताई पालक म्हणून येईल. सासूबाई विरोधात असतील तरी त्यांनाही पक्षकार करावं लागेल, कारण हिस्सा त्यांचाही आहे. पहिल्याच तारखेला तातडीचा आदेश मागा, आणि मिळाला तर त्याची प्रमाणित प्रत त्याच दिवशी शाखेत पोचवा. आदेश कोर्टात पडून राहिला आणि इकडे पैसे गेले, असं होतं.

माझं मत विचाराल तर मनाई पूर्ण 18 लाखांवर मागण्यापेक्षा बारा लाखांवर मागून पाहा. सासूबाईंचे सहा लाख मोकळे सोडले की त्यांचा विरोध मवाळ होतो आणि कोर्टालाही मागणी वाजवी वाटते. हा डावपेचाचा भाग आहे, तुमचे वकील वेगळं सांगू शकतात.

पैसे आधीच दिराच्या खात्यात गेले असतील तर बँकेवर दावा करून उपयोग नाही. मग वसुली दिराकडून. तिथे खरी अडचण अशी की तो पैसे खर्च करून बसला तर हुकूमनामा हातात आणि वसूल करायला काही नाही. म्हणून वकिलाची नोटीस आजच जाऊ दे.

मध्यममार्गी

दीर म्हणेल की आजारपणाचा, दवाखान्याचा खर्च मी केला. ते वजा होणार नाही का?

वकील_अनघा

मयताचं देणं म्हणून तो ते मागू शकतो. पावत्या, त्याच्या खात्यातून गेलेले पैसे, हे दाखवावं लागेल. किती मान्य होईल हे पुराव्यावर आहे, मी इथे आकडा सांगू शकत नाही. पण खर्च केला म्हणजे अख्खी एफडी त्याची झाली, असं नक्कीच नाही.

केतकी_प

मी म्हणते थेट पोलिसात तक्रार करा ना, विश्वासघाताची. घाबरून देईल.

जुनाकॅशियर

पोलीस बहुतेक "दिवाणी प्रकरण आहे" म्हणून परत पाठवतील. पैसे अजून बँकेत असतील तर तक्रार करायला घडलेलंही काही नाही. आणि एकदा तक्रार झाली की सासूबाई समेटाला बसणार नाहीत. अनघाताईंना यावर वेगळं वाटत असेल तर सांगा.

वकील_अनघा

पैसे उचलून हिस्सा नाकारला तर काही वकील फौजदारीचाही मार्ग धरतात, पण मी सुरुवात त्याने करणार नाही.

धाकटापाटी

आज वकिलांना भेटलो, नोटीस उद्या निघेल. दिराला कुणकुण लागली असावी, दुपारी त्याने ताईला फोन करून "नऊ लाख घे आणि सही करून मोकळी हो" म्हटलं. ताई विचारात आहे, रोज कोर्ट नको म्हणते. घ्यावे का?

वकील_अनघा

ताई स्वतःच्या सहा लाखांवर वाटेल ती तडजोड करू शकते. भाचीचे सहा लाख तिला तसे सोडता येत नाहीत. दावा दाखल झाल्यानंतर तडजोड करायची असेल तर अज्ञान मुलीच्या हिश्श्यापुरती कोर्टाची परवानगी लागते, आणि ती न घेता केलेली तडजोड मुलगी रद्द ठरवून घेऊ शकते. दोघींचे मिळून बारा होतात, देऊ करतोय नऊ. 'मोकळी हो' असं लिहिलेल्या कोणत्याही कागदावर तुमच्या वकिलांनी वाचल्याशिवाय सही करू नका, आणि नोटीस थांबवू नका.