३६ तसाच ठेवा, १.६ ने गुणा आणि मोकळे व्हा?

धागाकर्ता: तिरपी_चौकट

Blenderचा कॅमेरा फोटोशी जुळवताना सेन्सरच्या फंदात पडायचं काही कारण नाही. ३६ आहे तसा राहू द्या, लेन्सवरचा आकडा १.६ ने गुणा, झालं काम. वाड्याच्या फोटोवर नवा सज्जा बसवतोय, कॅननची क्रॉप बॉडी, १८ वर काढलेला, म्हणून २८.८ टाकले. लोक उगाच बाऊ करतात.

---

पिक्सेलमोजणी

असहमत, आणि तेही सविस्तर. असे "झालं काम" सल्ले वाचूनच लोक नंतर "सज्जा भिंतीवरून तरंगतोय" म्हणून वेगळा धागा काढतात.

तुमचा सेन्सर २२.३ मिमी रुंद. ३६ भागिले २२.३ म्हणजे १.६१४. बॉडीच्या जाहिरातीत तो गोल करून १.६ छापतात. २८.८ ला आडवा कोन ६४ अंश येतो, खरा आहे ६३.५. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण ६००० पिक्सेल रुंद फोटोत कडेची वस्तू २७ पिक्सेल आत सरकते. मध्यभागी सगळं चपखल, कडेला घसरलेलं. तुमचा सज्जा कुठे आहे, मध्यभागी की कडेला?

त्यापेक्षा खरे आकडेच भरा:

```python
import bpy, math
cam = bpy.context.scene.camera.data
cam.sensor_fit = 'HORIZONTAL'
cam.sensor_width = 22.3
cam.lens = 18
print(math.degrees(cam.angle_x))
```

६३.५ च्या आसपास छापून आलं की पुढे चला. रेंडरचं मापही ६०००×४००० ठेवा. आणि कृपा करून सेन्सर २२.३ करून वर लेन्स २८.८ ठेवू नका. तो दुहेरी क्रॉप झाला, कोन ४२ अंशांवर येतो. हे दर महिन्याला कोणीतरी करतंच.

---

तिरपी_चौकट

म्हणजे २९.०६ टाकले की माझीच पद्धत बरोबर. एवढ्यासाठी निबंध?

---

पिक्सेलमोजणी

चौकटीच्या कोनापुरती बरोबर, हो. अभिनंदन. आता फोटो उभा काढलेला असेल तर काय कराल? `Sensor Fit` ऑटोवर असेल तर तो आकडा मोठ्या बाजूला, म्हणजे उंचीला लागतो आणि सगळं आपोआप जमतं. माझ्या वरच्या कोडप्रमाणे `HORIZONTAL` ठेवलं असेल, तर उभ्या फोटोला रुंदी १४.९ द्यावी लागते.

---

छिद्रान्वेषी

पिक्सेलमोजणी, बाडिस. पण एक महत्त्वाचं राहिलं. ३६ वर २९ टाकून काम करणार असाल तर `F-Stop` पण १.६ ने गुणायला हवा. फोटो एफ ४ ला असेल तर Blenderमध्ये साधारण ६.४. नाहीतर मागची धूसरता जास्त येते.

---

गच्चीवरचा_ट्रायपॉड

आलं परत हे एफ गुणायचं खूळ! एफ ४ म्हणजे एफ ४. लाइट मीटर क्रॉप बॉडीवर धरा नाहीतर फुल फ्रेमवर, शटर तेवढंच सांगतो. लेन्स बॉडीवरून काढून टेबलावर ठेवली तरी ती एफ ४ च. ही अफवा यूट्यूबवाल्यांनी पसरवली आणि आता थ्रीडीवालेही तीच रेटताहेत. आधी फोटोग्राफी शिका, मग गुणाकार.

---

छिद्रान्वेषी

प्रकाशाबद्दल बोललंय कोण? Blenderमध्ये `F-Stop` बदलल्याने चित्र उजळ किंवा गडद होतच नाही. तिथे तो फक्त छिद्राचा व्यास ठरवतो, आणि व्यासावरून धूसरता. १८ भागिले ४ म्हणजे साडेचार मिमीचं छिद्र. तुमच्या "एफ ४ म्हणजे एफ ४" प्रमाणे २८.८ भागिले ४ केलं तर ७.२ मिमी. त्याच जागेवरून, तेवढ्याच कोनातून, पण मोठ्या छिद्रातून बघितलं तर धूसरता वाढणारच. ६.४ ने भागा, परत साडेचार. यात यूट्यूब कुठे आलं?

---

गच्चीवरचा_ट्रायपॉड

बरं, Blenderपुरतं मान्य, कारण तिथला कॅमेरा मुळात कॅमेराच नाही. खऱ्या कॅमेऱ्यावर माझं म्हणणं तसंच उभं आहे.

---

छिद्रान्वेषी

एक्स्पोजरचं म्हणणं उभंच आहे, कोणी पाडलं नव्हतं. ह.घ्या. बाकी १८ आणि २२.३ खरेच भरले तर `F-Stop`ही फोटोतलाच राहतो, हा वाद उद्भवतच नाही. फक्त मॉडेल खऱ्या मापाचं हवं, एक युनिट म्हणजे एक मीटर. सेंटिमीटरचे आकडे युनिट म्हणून भरून वाडा शंभरपट मोठा केला असेल, तर धूसरता नावालाही दिसणार नाही.

---

नवखी_रेंडर

माझा फोन चोवीस एमएम दाखवतो. तो तर आधीच फुल फ्रेमचा आकडा आहे ना? मग मी ३६ आणि २४ टाकले तर सगळ्यांचाच प्रश्न सुटला. पण माझ्या पायऱ्या मात्र कडेला सुटताहेत.

---

पिक्सेलमोजणी

ताई, सुटला नाही. फोनचा फोटो ४:३ असतो आणि ३६×२४ आहे ३:२. फोनचा "समतुल्य" आकडा बहुतेक वेळा कर्णावरून काढलेला असतो. फुल फ्रेमचा कर्ण ४३.३ मिमी. तेवढ्याच कर्णाची ४:३ चौकट ३४.६ मिमी रुंद होते, ३६ नाही. म्हणून लेन्स २४, सेन्सर ३४.६. ४०३२ पिक्सेल रुंदीच्या फोटोत कडेला पाऊणशेहून जास्त पिक्सेलचा फरक पडतो, म्हणजे तुमच्या पायऱ्याच.

---

नवखी_रेंडर

३४.६ ने बसल्या! पण मला खरं तर व्हिडिओवर करायचंय. त्याला पण हेच?

---

गच्चीवरचा_ट्रायपॉड

व्हिडिओला आकड्यांवर अजिबात भरवसा नको. फोनचं स्टॅबिलायझेशन कडा कापतं. मोठ्या कॅमेऱ्यातही कॅनन एम५० सारख्या बॉडी फोर-के घेताना सेन्सरचा मधला तुकडाच वापरतात. सरळ मोजा. भिंतीसमोर फोन काटकोनात, लेन्सपासून भिंत बरोबर ३ मीटर. चौकटीच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत किती भिंत दिसते त्याला टेप लावा. ३.६ मीटर दिसली तर ३६ गुणिले ३ भागिले ३.६, म्हणजे सेन्सर ३६ धरून लेन्स ३०. एक्झिफ गेलं चुलीत.

---

पिक्सेलमोजणी

ही रीत उत्तम, नाइलाजाने कबूल करतो. डीएसएलआरला मात्र ३ मीटर नेमके कुठून मोजायचे हा घोळ आहे. सेन्सरपासून नाही, लेन्समध्ये छिद्र जिथे दिसतं तिथून. फोनला तो फरक नगण्य. शिवाय इतक्या जवळ फोकस केल्यावर काही लेन्सचा कोनच थोडा बदलतो, म्हणून मोठ्या लेन्सला भिंत लांबची घ्या.

---

तिरपी_चौकट

२२.३ आणि १८ टाकून पाहिलं. सज्जा उजव्या कडेला आहे. कठड्याचं टोक आता खांबाला लागतंय, हे मान्य. पण वरची पट्टी मध्ये अजून चार-पाच पिक्सेल सुटते, दोन्ही टोकं बसलेली असताना. आता काय म्हणणं आहे मोजणीसाहेबांचं?

---

पिक्सेलमोजणी

टोकं बसतात आणि मध्ये सुटतं म्हणजे कोन नाही चुकला, रेषाच वाकलीय. किट लेन्स १८ ला बाहेरच्या बाजूला फुगते. रॉ उघडताना लेन्स करेक्शन बंद होतं का? सुरू करून परत निर्यात करा. पण ते करेक्शन कडा थोड्या ताणतं-कापतं, त्यामुळे १८ नंतर तंतोतंत १८ राहीलच असं नाही. एखाद-दोन दशांश हलवून खांबावर जुळवा. आणि फोटो एका बाजूने क्रॉप केला असेल तर आत्ताच सांगा, मग लेन्सला हात लावायचा नाही. रुंदी कापलेल्या प्रमाणात कमी करायची आणि `Shift X` वापरायचा.

---

तिरपी_चौकट

डावीकडून क्रॉप केलाय. एका गाडीपायी.

---

पिक्सेलमोजणी

हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलं?

---

नवखी_रेंडर

स्टॅबिलायझेशनमध्ये कडा दर फ्रेमला वेगळी कापली जात असेल तर ३० हा आकडा तरी सगळ्या फ्रेमला कसा चालेल?