मसुद्यावर जुनी प्रत चढण्याची अडचण: दुरुस्ती आणि आता काय करायचं

> सांगली मार्केट यार्डात मोबाइलवर हळदीच्या सौद्याची टिपणं लिहून सेव्ह केली. घरी लॅपटॉप उघडला तर कालचाच मसुदा! आता दुरुस्ती आली म्हणता, मग माझं लिखाण परत मिळेल का?

मिळू शकेल, पण मोबाइलवर अ‍ॅप लगेच उघडू नका. आधी नेट बंद करा, मग मसुदा उघडा. टिपणं दिसली तर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. नेट चालू ठेवून उघडलंत तर सर्व्हरवरची जुनी प्रत मोबाइलवरही उतरेल, आणि मग टिपणं परत आणता येणार नाहीत.

झालं असं, की लॅपटॉपवर कालची टॅब उघडीच होती. झाकण उघडताच ऑटोसेव्हने तिच्यातला मजकूर पाठवला, आणि शेवटी आलं तेच खरं असं सर्व्हर मानत होता. आता प्रत्येक सेव्हबरोबर आवृत्तीचा क्रमांक जातो. क्रमांक मागचा असेल तर मसुद्याला धक्का न लावता तो मजकूर वेगळी प्रत म्हणून राहतो. दोन प्रती दिसल्या तर घाबरू नका, हवी ती ठेवा.

आधीपासून उघड्या असलेल्या टॅबमध्ये मात्र जुनाच कोड चालू असतो. तिथून आता सेव्ह होणार नाही. त्यातला मजकूर कॉपी करा आणि मगच पान रिफ्रेश करा.