बार चार्टमधले आकडे: एआय मॉडेलने वाचलेले किती, अंदाजाचे किती?

मृण्मयी_क: रिपोर्टमधल्या बार चार्टचा फोटो मॉडेलला दिला. सहा बार आहेत, आकडा छापलाय फक्त दोनांवर, पण उत्तर आलं 34, 52.4, 61, 47.3, 28, 70.6. यातलं वाचलेलं काय आणि ठोकून दिलेलं काय, कसं ओळखायचं? अंदाजाचे आकडे टेबलात ठेवावेत का?

सारंग77: अहो सोप्पंय, प्रॉम्प्टमध्येच लिहा की अंदाज करू नकोस, छापलेलं नसेल तर 'नाही' लिही. मी तर अंदाजाला टेबलात उभंच करत नाही, एकदा आत शिरला की पुढे सगळे त्याला खरा आकडा समजूनच वापरतात.

जुनी_पट्टी: सारंग, निम्मं पटलं. असं लिहिलं की काही वेळा मॉडेल अंदाजालाच 'वाचलेला' म्हणून मोकळं होतं, त्यामुळे त्याच्या शब्दावर जाऊ नका. मी प्रत्येक बारसाठी तीन गोष्टी मागते, आकडा, तो छापलेला की उंचीवरून काढलेला, आणि उंचीवरून असेल तर कुठल्या दोन रेघांच्या मधे. मग छापलेला म्हटलेल्या प्रत्येक आकड्यावर झूम करून स्वतः बघते. शंका असली तर तो आकडा पांढऱ्या ठिपक्याने झाकून नव्या चॅटमध्ये परत विचारायचं, तरी हुबेहूब तोच आला तर तो छापील आकड्यावरून आलाच पाहिजे असं उरत नाही.

मृण्मयी, तुमचा 47.3 घ्या. अक्षावर रेघा 20-20 च्या असतील तर तो .3 आला कुठून? इमेज एडिटरमध्ये कर्सर ठेवून मोजा. समजा 40 ची रेघ 300 व्या पिक्सेलवर आहे, 60 ची 220 वर आणि बारचं टोक 262 वर, म्हणजे 80 पिक्सेलला 20, एका युनिटला 4, टोक 40 च्या वर 38 पिक्सेल, उत्तर 49.5. कडा पुसट असेल आणि दोन पिक्सेल इकडेतिकडे झाले तर अर्धा युनिट हलतो, म्हणून मी 'सुमारे 49 ते 50' लिहीन. आणि अक्ष शून्यापासून सुरू होतोय ना ते आधी बघा, नसेल तर नुसत्या उंचीच्या प्रमाणावरून काढलेलं सगळंच चुकतं.

धनु_लेले: माझ्याकडे एकावर एक रचलेले बार आहेत, त्यात मधल्या तुकड्याचं मॉडेल हमखास चुकवतं, वरच्या टोकाचा आकडाच त्या तुकड्याचा म्हणून देतं. याला काय करायचं?

जुनी_पट्टी: तुकड्याची खालची आणि वरची कड वेगवेगळी मागा, वजाबाकी स्वतः करा. दोन्ही कडांची चूक त्यात येते, म्हणून रेंज जरा मोठी धरा.

सारंग77: एवढं मोजायचंच असेल तर मॉडेल कशाला हवं? आणि रेंज लिहिली तरी पुढचा माणूस मधला आकडा उचलणारच.

मृण्मयी_क: अक्ष शून्यापासूनच आहे. मोजून बघितलं, 28 आणि 52.4 जवळपास जुळले, पण 70.6 वाला बार 66 च्या आसपास निघाला, आणि मॉडेलने त्याच्यापुढे 'छापलेला' लिहिलं होतं. आता छापील दोन एका कॉलममध्ये आणि रेंजवाले चार वेगळ्या कॉलममध्ये ठेवलेत. सारंग, चारही काढूनच टाकले तर उरतात दोन, त्यावर तुलना करायची कशी?