शब्दचर्चा: ‘गार्सिनिया’ला मराठीत कोकम म्हणायचं का?

मेघा, धरमपेठ
एका दवाखान्यासाठी माहितीपत्रक मराठीत करून देतेय. मूळ वाक्य असं की वजन कमी करायला गार्सिनिया कॅम्बोजियाच्या कॅप्सूल घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. मी ‘कोकमाच्या कॅप्सूल’ लिहिलं, शब्दकोशात गार्सिनिया म्हणजे कोकमच दिलंय. तर आमच्या मामींनी कच्चा मसुदा वाचला आणि घरातली आमसुलाची बरणी कामवालीला देऊन टाकली, कारण त्यांच्या लिव्हरचे रिपोर्ट मागे वाढून आले होते आणि डॉक्टरांनी वजनाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. आता दुसरा शब्द काय वापरू?

वेंगुर्ल्याची सून
माझं माहेर वेंगुर्ल्याचं, सासर महाल. मेघाताई, ही दोन वेगळी झाडं आहेत हो! आमचा रातांबा म्हणजे गार्सिनिया इंडिका, फळ लाल, गुळगुळीत, लिंबाएवढं. कॅम्बोजिया म्हणजे केरळची कुडमपुळी, फळ पिवळं आणि छोट्या भोपळ्यासारख्या खाचा असलेलं, साल वाळवून धुरावर काळी करतात आणि माशाच्या कालवणात घालतात. आमसूल करताना रातांब्याची साल सोडवून गराच्या रसात मीठ घालून बुडवायची, उन्हात टाकायची, परत बुडवायची, असं चार-पाच दिवस चालतं, म्हणून ते ओलसर आणि जांभळं-काळं राहतं. नुसतं गार्सिनिया म्हटलं की आडनाव झालं, नाव कुठाय?

वैद्य काकू
संस्कृतात वृक्षाम्ल आहे ना, तोच लिहा, शुद्ध शब्द.

वेंगुर्ल्याची सून
काकू, आयुर्वेदात वृक्षाम्ल म्हणजे कोकमच धरतात, आणि बाजारात त्याच नावाने गार्सिनियाच्या कॅप्सूलही विकतात, मग गोंधळ तिथेच राहिला की.

वैद्य काकू
बाजार चुकतो म्हणून आपण शब्द सोडायचा का? आमसूल तरी कुठे शुद्ध आहे, आम्ल अधिक साल, म्हणजे आंबट साल, हा माझा अंदाज.

इतवारीकर
आमच्याकडे आमसूल म्हणजे आम, म्हणजे कैरीचं वाळवलेलं असंच समजत होतो लहानपणी, आजी वरणात चिंचच टाकायची. बाकी कोकम सरबत रोज पिलं तर पोट उतरते का जी? माझं बाहेर येऊन राहिलं.

औषधवाला, सीताबर्डी
सरबतात साखर किती असते बघा आधी भाऊ. मेघाताई, मामींचं मी नीट सांगतो. दोन्ही सालींत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं, म्हणून लोक एक समजतात. कॅप्सूलवर साधारण 500 मिलिग्रॅम, 60 टक्के असं लिहिलेलं असते, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये 300. दोन-दोन तीनदा घ्या म्हटलं की दिवसाचे 1800 मिलिग्रॅम. आता चार जणांच्या आमटीत पाच आमसुलं, एकेक दोन ग्रॅमचं धरा, दहा टक्के आम्ल धरलं तर पूर्ण पातेल्यात 1000, एका माणसाला 250, त्यातलंही थोडं फेकून दिलेल्या सालीत राहते. म्हणजे फरक सातपट, हजारपट नाही. खरा मुद्दा असा की आमटी कधीमधी होते, कॅप्सूल महिनोन्महिने रोज तीनदा, आणि तिच्यात बरेचदा ग्रीन टीचा अर्कही मिसळलेला असते, तोही लिव्हरवर येऊ शकते.

मेघा, धरमपेठ
पण मग वजन तरी कमी होतं का त्याने?

औषधवाला, सीताबर्डी
1998 साली अमेरिकेत 135 लोकांवर 12 आठवडे तपासलं, दिवसाला 1500 मिलिग्रॅम देऊन. नुसत्या खोट्या गोळ्या घेतलेल्यांपेक्षा जास्त वजन उतरलं नाही. आणि लिव्हरचा त्रास क्वचित होतो, पण झालेला आहे, बहुतेकदा सुरू केल्यावर काही आठवड्यांतच. मळमळ, भूक मेली, लघवी गडद, डोळे पिवळे दिसले की गोळी थांबवायची आणि रक्त तपासायचं. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तरी सांगायचं. आमटीतल्या दोन आमसुलांनी असं झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

वेंगुर्ल्याची सून
मग मामींना सांगा, बरणी गेली ती गेली, नवीन आणताना आमसूल दाबून बघा, मऊ आणि लवचिक हवं. कडक, राखाडी, मिठाची पांढरी भुकटी जास्त असेल तर आमटी खारट होईल, मीठ नंतर घालायचं.

वैद्य काकू
पण पत्रकात इंग्रजी शब्द ठेवणार का तुम्ही? लोकांना कॅम्बोजिया काय कळणार?

औषधवाला, सीताबर्डी
काकू, डबीवर जे छापलंय तेच पेशंटला दाखवता येते ना. ‘गार्सिनिया कॅम्बोजिया असं लिहिलेल्या वजनाच्या कॅप्सूल’ लिहा, आणि खाली एक ओळ, ‘स्वयंपाकातलं आमसूल याहून वेगळं’.

वैद्य काकू
वेगळं आहे पण आम्ल तेच आहे, हे तुम्हीच सांगितलंत. मी ‘मलबारी चिंच’ सुचवते.

वेंगुर्ल्याची सून
चिंच ऐकून आता इतवारीकरांची आजी बरणी टाकेल!

इतवारीकर
मले सरबताचं उत्तर मिळालं नाही अजून. बिनसाखरेचं, आगळ पाण्यात टाकून जिरं-मीठ घातलेलं चालेल का?

वेंगुर्ल्याची सून
आगळात मीठ आधीच असतं, बीपी असेल तर जपून. चवीला दोन चमचे पुरतात एका ग्लासला, पोटासाठी मात्र फिरायला जा.