मदत हवी आहे: दात घासायच्या गाण्याच्या दोन ओळी अडल्यात

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीचे, पोरगा सव्वादोन वर्षांचा. ब्रश दिसला की तोंड घट्ट मिटतो, म्हणून मीच एक गाणं जुळवलंय आणि त्याला मांडीवर आडवं घेऊन, डोकं माझ्या पोटाशी टेकवून म्हणते, म्हणजे वरच्या दाढा दिसतात तरी.

आली आली ब्रशगाडी, पीं पीं पीं
पुढचे दात दाखव बाळा, ईं ईं ईं
वाघोबाचा जबडा कसा, आ आ आ
दाढेतल्या बेदाण्या, जा जा जा!

(माहेर तासगावचं, त्यामुळे घरात बेदाणे कायम, आणि ते दाढेच्या खाचेत असे चिकटून बसतात की विचारू नका.)

चार ओळींना साधारण १५ सेकंद लागतात, वर-खाली डावं-उजवं असे चार भाग, प्रत्येकी दोनदा म्हटलं की दोन मिनिटं होतात. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच घेते कारण अजून थुंकता येत नाही, गिळतोच, म्हणून 'थू थू' वाली ओळ मुद्दाम नाही घातली.

अडचण अशी की 'ईं' ला दातावर दात बसतात, बाहेरची बाजू मस्त निघते पण जिभेकडची राहूनच जाते, काल बघितलं तर खालच्या पुढच्या दातांना आतून पिवळट थर, नखाने खरवडला तर निघाला. तर आतल्या बाजूसाठी दोन ओळी सुचवा ना, शेवट 'आ' चाच हवा, 'ऊ' किंवा 'म' आला की हा लगेच ओठ मिटतो आणि ब्रश चावत बसतो. 'जिभूबाई सरका' इथपर्यंत आलेय, पुढं गाडी अडलीय.