मदत हवी आहे: दहावीच्या स्नेहसंमेलनासाठी कविता, चाल अडखळतेय

मागचा_बाक:
आमची २००० सालची दहावीची बॅच पंचवीस वर्षांनी भेटतेय. कविता माझ्या गळ्यात पडली आहे. लिहिलंय असं:

कर्कटकाने कोरलेलं आपलं नाव अजून बाकावर आहे
मास्तरांनी विचारल्यावर आपण कसा भोळा आव आणायचो

वाचताना जीभ अडखळते. काय करू?

स्वाती_नगर:
आम्ही बॅनरवर चारोळी छापली होती, फ्लेक्सवाल्याने फुकट दिली. तुम्हाला हवी का?

मागचा_बाक:
ताई, बॅनर नाही, माइकवर म्हणायचीय.

अण्णा_फलटण:
अष्टाक्षरीत बसवा. ओळीत आठ अक्षरं आणि चौथ्यानंतर किंचित थांबा. तिथे शब्द तुटला की जीभ अडखळणारच. 'कर्कटकाने' पाच अक्षरांचा, म्हणून चौथ्याच्या पलीकडे सांडतो. तो सोडून बघा:

बाकावरी कोरलेले
मित्रा, तुझे माझे नाव
मास्तरांनी विचारता
आणलेला भोळा आव

यमक दुसऱ्या-चौथ्या ओळीला पुरतं.

उमेश७५:
अण्णा, जोडाक्षर दोन धरायचं ना? मग 'मास्तरांनी' पाच होतात.

अण्णा_फलटण:
नाही हो, 'स्त' एकच अक्षर. तुम्ही मात्रांचं म्हणताय. तिथे जोडाक्षराआधीचं अक्षर सहसा दोन मात्रांचं होतं. इथे नुसती अक्षरं मोजायची, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा बघायचं नाही.

मागचा_बाक:
शिक्षेचं कडवं करून पाहिलं:

अंगठे धरून उभे
पाठीवर होती पट्टी
शेजारच्या रांगेमध्ये
हसला तो, झाली कट्टी

आठ भरतात, तरी पहिली ओळ लंगडतेय.

अण्णा_फलटण:
मोठ्याने म्हणा: 'अंगठे ध', 'रून उभे'. शब्द चिरला. 'अंगठे मी धरलेले' करा. बाकीचं उत्तम, कट्टी तर मस्तच. ती पट्टी पडली की शिक्षा पहिल्यापासून, हेही कुठेतरी येऊ द्या.

उमेश७५:
सगळ्यांची नावं घाल म्हणजे टाळ्या पडतील.

अण्णा_फलटण:
चाळीस नावं घातलीत तर ती हजेरी होईल. त्यापेक्षा टोपणनावं घ्या, चार-पाचच, आणि आधी त्या माणसाला फोन करून विचारा. 'जाड्या' आता मुलाबाळांसमोर बसणार आहे. छडीवाले सर पहिल्या रांगेत असतील तर त्यांचंही नाव नको. छडी ओळखू येतेच.

मागचा_बाक:
आमच्यातला एकजण गेलाय. त्याच्यावर कडवं घालू का? त्याची बायको येणार आहे.

स्वाती_नगर:
घालाच. आम्ही घातलं होतं, सगळे रडले.

अण्णा_फलटण:
मी शिक्षांच्या हशानंतर लगेच घालणार नाही, मध्ये एक साधं कडवं ठेवीन. पण घालावं की नाही, ते वहिनींना विचारल्याशिवाय मी सांगणार नाही.

मागचा_बाक:
आज रात्री फोन करतो. 'कर्कटक' मात्र कुठेतरी हवाच आहे, कुणाला ओळ सुचतेय का?