एम प्रोटीन ०.८ वरून १.०: खरी वाढ की मोजणीतला फरक?

"वडिलांचा एम प्रोटीन निपाणीत ०.८ होता, सहा महिन्यांनी बेळगावात १.० आला. एमजीयूएसचे रूपांतर कर्करोगात होत आहे का?"

एम प्रोटीन म्हणजे अस्थिमज्जेतील एकाच प्रकारच्या पेशींनी बनवलेले, रक्तात आढळणारे असामान्य प्रथिन; ते थोडे असून त्याचा इतर त्रास नसतो, त्या स्थितीला एमजीयूएस म्हणतात. केवळ या दोन आकड्यांवरून तसे रूपांतर होत आहे असे म्हणता येत नाही. वाढ २५ टक्के भरते हे खरे, पण ती ग्राह्य धरण्यासाठी प्रत्यक्ष फरकही किमान ०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर असावा लागतो, आणि येथे तो ०.२ आहे. विजेच्या साहाय्याने रक्तातील प्रथिने वेगळी करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीच्या आलेखावर एम प्रोटीनच्या टोकदार शिखराच्या दोन्ही पायथ्यांशी रेषा आखून मधले क्षेत्रफळ मोजतात. रेषा किंचित सरकली तरी आकडा बदलतो. म्हणूनच माझ्या आईची तपासणी आम्ही खानापूरहून येऊन दर वेळी बेळगावच्या एकाच प्रयोगशाळेत करतो आणि जुना आलेख सोबत नेतो.

एमजीयूएस असलेल्या शंभर जणांपैकी साधारण एकाचा विकार दर वर्षी मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात किंवा तत्सम आजारात बदलतो. प्रथिन आयजीजी या प्रतिपिंडाच्या प्रकारचे व १.५ पेक्षा कमी असेल आणि फ्री लाइट चेनचे, म्हणजे प्रतिपिंडांच्या रक्तातील सुट्या तुकड्यांचे, गुणोत्तर सामान्य असेल, तर २० वर्षांत हा धोका सुमारे ५ टक्केच असतो. अशा रुग्णाची सहा महिन्यांनंतरची तपासणी स्थिर आली, तर पुढे दोन-तीन वर्षांनी केलेली पुरते. त्यामुळे वडिलांच्या अहवालात प्रकार व गुणोत्तर दिले आहे का, हे आधी पाहा. मात्र हिमोग्लोबिन उतरले, कॅल्शियम किंवा क्रिएटिनिन चढले, अथवा हाडे सतत दुखू लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा.